गरोदरपण आणि मनाच्या आजारावरील गोळ्या : बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात?

घरात गोड बातमी कळली की पहिला सल्ला मिळतो तो औषधांविषयी. "आता कसलीही गोळी घ्यायची नाही बरं का!" डोकेदुखीच्या गोळीपुरता हा सल्ला बहुतेक वेळा खपून जातो. परंतु जी स्त्री नैराश्यावर किंवा चिंतेच्या आजारावर काही महिने-वर्षे औषध घेत आहे, तिच्या बाबतीत हाच सल्ला आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मी डॉक्टर नाही. परंतु आमच्याच नात्यात हा प्रसंग घडल्यामुळे त्या निमित्ताने पुष्कळ वाचावे लागले आणि तज्ज्ञांना विचारावे लागले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एक प्रत्यक्ष प्रसंग

माझी एक पुतणी, वय २९, शाळेत शिक्षिका. लग्नापूर्वी तिला दोनदा नैराश्याचा आजार झाला होता. दुसऱ्या वेळी जीव देण्याचे विचार येऊ लागल्याने तिला इस्पितळात ठेवावे लागले होते. त्यानंतर सर्ट्रालिन नावाची गोळी, रोज १०० मिलिग्रॅम, सुरू झाली आणि सव्वा वर्ष ती अगदी व्यवस्थित होती. सहाव्या आठवड्यात (गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात) दिवस गेल्याचे कळले. सासूबाई म्हणाल्या, गोळ्या बंद कर. औषधाच्या दुकानदारानेही मान डोलावली. तिने त्याच दिवशी गोळी बंद केली. डॉक्टरांना कोणी विचारले नाही.

तिसऱ्या दिवसापासून तिला चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे आणि चिडचिड असा त्रास सुरू झाला. घरच्यांनी तो डोहाळ्यांचा त्रास समजला. दोन आठवड्यांत तो ओसरला, तेव्हा "बघ, गोळीवाचून तुझे काही अडले नाही" असे सर्वांना वाटले. खरी घसरण अकराव्या आठवड्यानंतर सुरू झाली. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, वजन तीन किलोने उतरणे, लोहाच्या गोळ्या तशाच पडून राहणे, तपासणीची तारीख चुकवणे हे एकामागोमाग होत गेले. पंधराव्या आठवड्यात ती फोनवर मला म्हणाली, "काका, मी नसले तरी कोणाचं काही अडणार नाही." त्या वाक्याने आम्ही जागे झालो.

येथे एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. गोळी अचानक तोडल्याचा त्रास दोन-चार दिवसांतच सुरू होतो, तो मुख्यतः शरीराला जाणवतो आणि साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत जातो. मूळ आजार उलटतो तो मात्र सावकाश, काही आठवड्यांनी, आणि झोप, भूक, उमेद यांच्यावर घाला घालत येतो. पहिला त्रास गेला म्हणून दुसरा येणार नाही असे मानणे हीच आमची चूक झाली.

बंद करण्याचा धोका

गरोदरपणात मन आपोआप आनंदी राहते, असा पूर्वी डॉक्टरांचाही समज होता. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याला धक्का दिला. पूर्वी नैराश्याचा गंभीर आजार झालेल्या आणि औषधाने बऱ्या असलेल्या २०१ गरोदर स्त्रियांवर त्यात लक्ष ठेवले होते. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी शंभरात २६ जणींचा आजार उलटला. ज्यांनी बंद केले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ६८ होते.

मात्र हा आकडा सर्वांना सरसकट लावता येत नाही. त्या स्त्रिया मोठ्या मानसोपचार केंद्रांत आलेल्या होत्या, म्हणजे त्यांचा आजार मुळातच जास्त होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सर्वसाधारण प्रसूतिगृहांतील स्त्रिया होत्या. त्यांच्यात औषध बंद केल्याने तेवढा फरक दिसला नाही. तेथे धोका होता तो मुख्यतः चार किंवा अधिक वेळा आजार होऊन गेलेल्या स्त्रियांना. तात्पर्य, निर्णय गोळीवरून नव्हे, तर त्या स्त्रीच्या आजाराच्या इतिहासावरून करावयाचा असतो. किती वेळा आजार झाला, किती तीव्र होता, जीव देण्याचे विचार आले होते का, आणि पूर्वी गोळी थांबवल्यावर काय झाले, हे चार प्रश्न विचारले की बरेच चित्र स्पष्ट होते.

उलटलेला आजार हा केवळ आईचा प्रश्न राहत नाही. अन्न कमी जाते, तपासण्या चुकतात, काही जणी तंबाखू-मिश्रीकडे वळतात. दिवस भरण्यापूर्वी प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा संबंध उपचार न झालेल्या नैराश्याशीही आढळला आहे. बाळंतपणानंतर नैराश्य येण्याची शक्यताही वाढते.

चालू ठेवण्याचा धोका

आता दुसरी बाजू. या गोळ्या वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, हे खरे आहे. तेव्हा धोका अजिबात नाही असे कोणी म्हणू नये. तो किती आहे, हे पाहावे.

कोणतेही औषध न घेणाऱ्या स्त्रियांच्याही शंभर बाळांत सुमारे तीन बाळांना जन्मजात व्यंग असते. ही मूळ पातळी आधी ध्यानात घेतली पाहिजे. २००५ साली पॅरॉक्सेटिन या गोळीविषयी बाळाच्या हृदयदोषाचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला आणि या वर्गातील सर्वच गोळ्यांबद्दल भीती पसरली. पुढे २०१४ साली सुमारे साडेनऊ लाख गरोदरपणांची नोंद तपासणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ६४ हजार स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यावरील औषध घेतले होते. औषध न घेणाऱ्यांच्या दहा हजार बाळांत ७२, तर घेणाऱ्यांच्या दहा हजारांत ९० बाळांना हृदयदोष आढळला. फरक दिसतो खरा. पण गोळी घेणाऱ्या स्त्रिया आणि न घेणाऱ्या स्त्रिया या मुळात सारख्या नसतात. आजार, मधुमेह, धूम्रपान, इतर औषधे यांचे प्रमाण दोन्हीकडे वेगळे असते. नैराश्य असलेल्याच स्त्रियांची आपसात तुलना करून या गोष्टींचा हिशेब जुळवला, तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे गोळीच्या नावे टाकलेला बराचसा दोष आजाराच्या आणि परिस्थितीच्या खात्यावरचा होता.

शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असल्यास दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली वारंवार घडणारी पण सौम्य आहे. सुमारे तीन बाळांत एकाला जन्मल्यावर अंग थरथरणे, किरकिर, नीट न पिणे, श्वास जलद चालणे असा त्रास होऊ शकतो. बहुधा तो काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. दुसरी गंभीर पण विरळ आहे. फुप्फुसांतील रक्तदाब वाढून बाळाला श्वासाचा त्रास होणे हे एरवी हजारात सुमारे दोन बाळांत, तर या गोळ्या घेतल्यास हजारात सुमारे तीन बाळांत आढळते. म्हणून अशी प्रसूती बालरोगतज्ज्ञ उपलब्ध असेल अशा ठिकाणी करावी आणि बाळावर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे.

चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्या

चिंतेच्या आजारावर मूळ उपचार म्हणून बहुधा सर्ट्रालिनच्याच वर्गातील गोळ्या देतात. त्यांना वरील विवेचन लागू पडते. परंतु आपल्याकडे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या पुष्कळ स्त्रिया जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेत असतात. त्यांचा प्रकार वेगळा आहे. शेवटच्या दिवसांत त्या रोज घेतल्यास बाळ जन्मतः सैल, सुस्त आणि पिण्यास मंद असू शकते. पण रोज घेणारीने त्या एकदम तोडल्या तर तिला फिट येण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांत, थोडी थोडी मात्रा उतरवावी लागते.

एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. मनःस्थितीचे चढउतार आवरण्यासाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात टाळावयाचे आहे. त्यामुळे सुमारे दहा बाळांत एकाला मोठे व्यंग होते आणि बाळाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. ते घेणाऱ्या स्त्रीने दिवस जाण्यापूर्वीच औषध बदलून घ्यावे. दिवस गेले असतील तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. स्वतःहून मात्र तेही तोडू नये.

पुढे काय झाले

पुतणीला आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कळलं तोपर्यंत बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी जवळजवळ बंद झालेली होती. हृदयाची मुख्य घडण दहाव्या आठवड्यापर्यंत होते. दिवस गेल्याचं कळल्यावर घाईनं गोळी तोडून फार काही वाचत नाही, आणि तुमचा इतिहास पाहता गमावण्यासारखं पुष्कळ आहे." गोळी न बदलता तीच पुन्हा ५० मिलिग्रॅमने सुरू केली आणि नंतर १०० केली. नवी गोळी दिली असती तर बाळाला दोन औषधांचा संसर्ग झाला असता आणि ती लागू पडेल याची खात्रीही नव्हती. मात्राही फार कमी ठेवली नाही. अपुऱ्या मात्रेत औषधही पोटात जाते आणि आजारही राहतो. बाविसाव्या आठवड्यापर्यंत ती सावरली. एकोणचाळिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. बाळ दोन दिवस थरथरत होते, पिण्यास कुरकुरत होते, नंतर ठीक झाले. सर्ट्रालिन आईच्या दुधात फारच थोडे उतरते, त्यामुळे अंगावर पाजण्यास डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.

याउलट, जिला एकदाच सौम्य आजार झाला, जी दीर्घकाळ बरी आहे, तिने समुपदेशनाच्या आधारे, शक्यतो दिवस जाण्यापूर्वी, काही आठवड्यांत हळूहळू गोळी उतरवणे हाही योग्य निर्णय ठरू शकतो. तेव्हा घरातील कोणी झोप उडणे, अन्न टाकणे, अबोल होणे याकडे लक्ष द्यावे.

सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या हिशेबात गोळीची बाजू होती, आजाराची नव्हती. दिवस गेल्याचे कळताच गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात गोळी देणाऱ्या डॉक्टरांना भेटावे आणि त्यांची चिठ्ठी प्रसूतितज्ज्ञांनाही दाखवावी. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि "मी नसले तरी चालेल" असे शब्द कानी पडले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.