सफरचंद तांबूस का पडते?

कोलाडच्या नाक्यावरून आणलेली केळी आणि एक सफरचंद घेऊन आम्ही नववीच्या वर्गात गेलो. फोडी केल्या. अर्ध्या तासात त्या तांबूस झाल्या. "हवेतल्या ऑक्सिजनमुळे," मुलांनी पाठ केलेले उत्तर दिले. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, सफरचंद पाण्यावर तरंगते म्हणजे त्याच्या आतही हवा असणार. मग न कापलेले आतून का तांबूस होत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. सफरचंदाच्या गरात खरोखरच बरीच हवा असते. म्हणजे नुसता ऑक्सिजन पुरत नाही.

पेशीत फिनॉल गटातले पदार्थ रिक्तिकेत, म्हणजे एका पिशवीत, बंद असतात. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे तांबेयुक्त विकर पेशीत दुसरीकडे असते. सुरी फिरली की पिशव्या फुटतात आणि दोघांची गाठ पडते. मग विकराच्या मदतीने ऑक्सिजन फिनॉलचे ऑक्सिडीकरण करून क्विनोन बनवतो. क्विनोनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंगद्रव्य तयार होते. महामार्गावर ट्रकमध्ये आपटलेले केळे साल न काढताही आतून काळे निघते, ते याचमुळे. तिथे सुरी नव्हती, पण पेशी फुटल्या होत्या.

आता लिंबू. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल आहे आणि क जीवनसत्त्वही. यांपैकी काम कोण करते? चार फोडी घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीला लिंबाचा रस लावा, तिसरीला व्हिनेगर आणि चौथीला पाण्यात विरघळवलेली क जीवनसत्त्वाची गोळी. (गोळी पांढरी पाहा, चघळायच्या गोळ्या बहुधा रंगीत असतात.) व्हिनेगरमध्ये आम्ल आहे, पण क जीवनसत्त्व नाही. तरीही ती फोड उशिरा तांबूस होते. हे विकर साधारण ५ ते ७ सामूला चांगले चालते, लिंबाच्या रसाचा सामू मात्र २ च्या आसपास असतो. तिथे ते जवळजवळ थंडावते.

क जीवनसत्त्वाची तऱ्हा वेगळी. ते विकराच्या मागे लागण्याऐवजी तयार झालेल्या क्विनोनचे पुन्हा फिनॉल करते आणि त्यात स्वतः ऑक्सिडीकृत होते. म्हणून चौथी फोड बराच वेळ पांढरी राहते, पण जीवनसत्त्व संपले की तांबूस होऊ लागते. लिंबात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. तरीही रस जिथे पोचला नाही तिथे डाग पडतातच, आणि एकदा पक्का झालेला तपकिरी रंग लिंबाने मागे फिरत नाही.

जमल्यास पाचवी फोड दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून काढा. हवा लागूनही ती पांढरट राहते, कारण उष्णतेने विकर नष्ट झालेले असते.

एक काळजी घ्या. प्रयोगासाठी स्टीलची सुरी वापरा. लोखंडी विळीवर कच्चे केळे चिरले तर लोह आणि टॅनिन यांचा निळसर काळा रंग उमटतो. ती क्रिया वेगळी आहे. आमचा पहिला प्रयोग नेमका तिथेच फसला होता.