गिऱ्हाईक नेमकं कुठं गळालं?

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला महिन्याच्या शेवटी दोन आकडे तोंडपाठ असतात : किती लोक साइटवर आले आणि किती ऑर्डरी निघाल्या. या दोन आकड्यांच्या मधे जे घडतं ते फनेल चार्ट दाखवतो. वर सगळ्यात रुंद पट्टी, तिच्याखाली त्याहून अरुंद, आणि तळाशी ऑर्डरींची सगळ्यात बारीक. आकार नरसाळ्याचा म्हणून हे नाव. तो काढायला दहा मिनिटं पुरतात. वाचायला मात्र थोडा धीर लागतो.

उदाहरणासाठी कोल्हापुरी चपला विकणारं एक दुकान घेऊ. दुकान काल्पनिक आहे, आकडेही समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका महिन्यात 10,000 लोक साइटवर आले. 4,200 जणांनी एखादी तरी चप्पल उघडून पाहिली, 520 जणांनी कार्टमध्ये टाकली, 380 जण चेकआउटला, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानांवर गेले. ऑर्डर पूर्ण केली 152 जणांनी.

एक्सेलच्या 2019 पासूनच्या आवृत्त्यांत फनेल चार्ट तयार मिळतो. गुगल शीट्समध्ये तो थोडी युक्ती करून काढावा लागतो. A स्तंभात टप्प्यांची नावं आणि C मध्ये आकडे लिहायचे. B मध्ये प्रत्येक पट्टीच्या डावीकडची रिकामी जागा काढायची, म्हणजे पट्ट्या मधोमध येतात. D मध्ये आधीच्या टप्प्यातले किती टक्के पुढे आले ते. आकडे दुसऱ्या ओळीपासून सुरू होत असतील, तर सूत्रं अशी :

```
B2:  =(C$2-C2)/2
D3:  =C3/C2
```

दोन्ही खाली ओढायची, A ते C निवडून स्टॅक्ड बार चार्ट काढायचा आणि B च्या पट्टीचा रंग काढून टाकायचा. झाला फनेल.

पण त्यात भरलेले आकडे एकाच मापाचे हवेत. गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये कार्टची नोंद `add_to_cart` या नावाने होते. एका बाईंनी तीन जोड कार्टमध्ये टाकले, तर नोंदी तीन आणि माणूस एक. वरच्या पट्टीत माणसं आणि खालच्या पट्टीत नोंदी मोजल्या, तर चार्ट दिसतो छान आणि सांगतो चुकीचं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर माणसंच मोजायची. खालची पट्टी वरचीपेक्षा रुंद आली, तर मोजणीत घोळ आहे किंवा गिऱ्हाइकांना मधला टप्पा टाळून जायची वाट आहे. ‘आत्ताच घ्या’सारखं बटण कार्टला वळसा घालून थेट चेकआउटला नेतं, तेव्हा असंच होतं.

तळाच्या पट्टीकडे आणखी बारकाईनं बघायला हवं. ऑर्डरीची नोंद बऱ्याचदा ‘धन्यवाद’ म्हणणारं पान उघडल्यावर होते. यूपीआयने पैसे देणारा माणूस मधेच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो. पैसे कापले गेले की काही जण साइटवर परत येतच नाहीत. माल त्यांना मिळतो, पण फनेलमध्ये ते गळालेले दिसतात. म्हणून तळाचा आकडा दुकानाच्या ऑर्डरवहीशी ताडून घ्यावा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी परत येत असतील, तर ‘घरपोच झालेल्या’ अशी वेगळी पट्टी काढलेली बरी.

आता वाचन. चार्ट पाहिल्यावर नजर पहिल्या गळतीवर जाते, कारण तिथे 5,800 माणसं गेली. ती जाहिरातीवर बोट पडून आलेली, नुसती चाळून गेलेली माणसं असू शकतात. माझ्या मते शोध खालून वर घ्यावा. चेकआउटला पोहोचलेल्या माणसानं माप निवडलेलं असतं, किंमत मान्य केलेली असते. त्याचं जाणं दुकानाला सगळ्यात महाग पडतं. आपल्या दुकानात 380 पैकी 228 जण तिथूनच परत फिरले, म्हणजे 60 टक्के.

कार्टपासून मोजलं तर गळती 71 टक्के होते. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक पाहण्यांवरून काढलेली सरासरीही सुमारे 70 टक्केच आहे. म्हणजे दुकानदार म्हणेल, आपलं जगासारखंच चाललंय. अशा सरासरीनं स्वस्थ बसू नये. त्याच संस्थेच्या पाहण्यांत कार्ट सोडण्याची कारणं विचारली, तर डिलिव्हरी आणि इतर वाढीव खर्च हे उत्तर सगळ्यात वर येतं. साहजिकच पहिला संशय कुरियरच्या खर्चावर जातो.

संशय तपासायचा तर फनेल फोडायचा. मोबाइलवरचे आणि कॉम्प्युटरवरचे लोक वेगळे करू. चेकआउटला गेलेल्या 380 पैकी 320 मोबाइलवर होते, त्यांतल्या 112 जणांची ऑर्डर झाली. कॉम्प्युटरवरच्या 60 पैकी 40 जणांची झाली. कुरियरचा खर्च दोघांना सारखाच दिसतो, मग एकीकडे 35 टक्के आणि दुसरीकडे 67 टक्के का?

चेकआउटचेही तुकडे केले की जागा सापडते. मोबाइलवर 320 पैकी 180 जणांनीच पत्त्याचं पान पार केलं, कॉम्प्युटरवर 60 पैकी 54 जणांनी. कुरियरचा खर्च दिसतो तो या पानानंतर. म्हणजे 140 माणसं खर्च बघण्याआधीच गेली.

यापुढचं चार्ट सांगू शकत नाही. फोन हातात घेऊन आपणच चप्पल मागवून पाहायची. या दुकानाच्या फॉर्ममध्ये पिनकोडच्या चौकटीला सलग सहा अक्षरं हवी होती. फोनमध्ये साठवलेला पत्ता आपोआप भरला गेला की पिनकोड ‘416 002’ असा मधे जागा सोडून येई आणि फॉर्म अडे. चूक सांगणारी लाल ओळ पानाच्या अगदी वर उमटे. कॉम्प्युटरवर सगळं पान एकदम दिसतं, त्यामुळे ती ओळही दिसे. फोनवर माणूस तळाशी बटणापाशी असतो. तो बटण दाबत राही आणि शेवटी कंटाळून निघून जाई. मधली जागा फॉर्मनं स्वतःच काढून टाकणं आणि सूचना चौकटीच्या खालीच दाखवणं, एवढीच दुरुस्ती.

फायद्याचा अंदाज चार्टवरूनच बांधता येतो. मोबाइलवरही 90 टक्के लोकांनी हे पान ओलांडलं, तर 288 जण पुढे जातील. पुढच्या टप्प्यांची गळती आहे तीच धरली, तरी मोबाइलच्या ऑर्डरी 112 वरून 179 च्या आसपास जातात. ही वरची मर्यादा समजावी, कारण अडकलेल्यांत मुळात न घेणारेही असतात. शिवाय कॉम्प्युटरवरचे लोक साठच आहेत. त्यांतल्या पाच जणांनी वेगळं ठरवलं तरी टक्केवारी आठाने हलते.

म्हणून दुरुस्तीनंतर दोन-चार दिवसांचे आकडे पाहून निकाल लावू नका. पूर्ण महिना जाऊ द्या, तुलना पत्त्याच्या त्या एका टप्प्याचीच करा, आणि दिवाळीचा महिना साध्या महिन्याशेजारी मांडू नका.