ज्योतीच्या उजेडातला भगवा

दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या वासुदेव घाटावरची यमुनेची आरती चित्रित केली, की पडद्यावर पुजाऱ्याचा गाल, भगवं उपरणं आणि पांढरं धोतर तिन्ही एकाच नारिंगी रंगात बुडतात. तेलाच्या ज्योतीचं रंगतापमान साधारण 1900 केल्विन, तर पडद्याचा पांढरा बहुधा 6500 केल्विनचा. ज्योतीत निळा प्रकाश नावापुरताच असतो. म्हणून धोतर पांढरंशुभ्र होईपर्यंत निळा वाढवत नेला, की त्याबरोबर सावल्यांतली निळी खरखरही वाढते आणि गाल राखाडी, आजारी दिसू लागतो. शहाणपण अर्ध्यावर थांबण्यात आहे: धोतर किंचित पिवळसर राहू द्यावं, मग गालाचा रंग व्हेक्टरस्कोपवरच्या त्वचेच्या रेषेजवळ आणावा आणि शेवटी फक्त भगवा निवडून त्याची छटा स्वतंत्र सुधारावी.

कुणी म्हणेल, ज्योतीचा उजेड पिवळाच असतो, मग दुरुस्ती हवीच कशाला? पण घाटावर उभ्या माणसाचे डोळे त्या उजेडाला बऱ्याच अंशी सरावतात. घरी पडद्यासमोर बसलेल्याचे सरावत नाहीत. अर्थात या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. चित्रीकरणातच लाल वाहिनी कमाल पातळीला टेकली, तर उपरण्याच्या चुण्या पुसल्या जाऊन सपाट पिवळट डाग उरतो, आणि गेलेला तपशील संगणकावर परत येत नाही. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी एकूण उजेडापेक्षा लाल वाहिनीच्या आलेखावर नजर ठेवावी.