पाताळातली पंगत आणि उसना प्राणवायू

१९७७च्या फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रात एक अमेरिकी संशोधन मोहीम गरम पाण्याचे झरे शोधत होती. भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे समुद्राचा तळ फाटतो आणि खालून ताजा लाव्हा वर येतो. अशा ठिकाणी गरम झरे असायलाच हवेत, असं भूगर्भशास्त्र सांगत होतं. ते कुणी पाहिले मात्र नव्हते. जहाजावर भूगर्भशास्त्रज्ञ होते, रसायनतज्ज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. अडीच हजार मीटर खोल काळोखात पाहण्यासारखं काही जिवंत सापडेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

जहाजामागून ओढत नेलेल्या कॅमेऱ्याने एका फेरीत सुमारे ३००० छायाचित्रं घेतली. एके ठिकाणी पाण्याचं तापमान क्षणभर किंचित वाढल्याची नोंद झाली होती. नेमक्या त्याच जागेच्या १३ छायाचित्रांत मोठमोठ्या पांढऱ्या शिंपल्यांची गर्दी दिसली. बाकी सगळीकडे उघडा काळा खडक. मग ‘अल्विन’ या तीन माणसांच्या पाणबुडीतून जॅक कॉर्लिस आणि चीर्ड फान आंडेल हे शास्त्रज्ञ खाली उतरले. कोमट, थरथरतं पाणी खडकाच्या भेगांतून वर येत होतं आणि त्याच्याभोवती शिंपले, खेकडे, मासे यांची दाटी होती. पुढच्या बुड्यांमध्ये पांढऱ्या नळीतून लालभडक तुरा बाहेर काढून उभे असलेले, माणसाहून उंच होऊ शकणारे कृमीही दिसले. हाती लागलेले जीव टिकवायला जहाजावर पुरेसं फॉर्मॅलिनही नव्हतं. तेव्हा पनामात विकत घेतलेली रशियन व्होडका कामी आली.

एवढे प्राणी तिथे खात काय होते?

खोल समुद्रातल्या प्राण्यांचं अन्न वरून येतं, ही तेव्हाची पक्की समजूत होती आणि बहुतेक समुद्रतळाबाबत ती आजही खरी आहे. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशावर वाढतात. त्यांचे आणि त्यांना खाणाऱ्यांचे अवशेष भुरभुरत खाली येतात. वाटेत बरंचसं संपतं आणि तळाशी पोचतं ते अगदी थोडं. त्यामुळे तळावरचं जीवन विरळ असतं. गॅलापागोसच्या गर्दीचंही स्पष्टीकरण काहींनी याच चौकटीत दिलं: गरम पाणी वर चढताना आजूबाजूचं पाणी ओढून घेत असेल आणि त्याबरोबर वरून पडलेले अन्नकण एका जागी गोळा होत असतील. ही कल्पना वाटते तितकी हास्यास्पद नव्हती.

पण जहाजावर पाण्याचे नमुने उघडले तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटला होता. तो हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपतं आणि तप्त खडकांजवळ ३५०–४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. वरच्या पाण्याचा प्रचंड दाब त्याला उकळू देत नाही. या प्रवासात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि धातू, सल्फाइड, कुठे हायड्रोजन असा ऐवज घेऊन ते परत वर येतं. सल्फाइडचा प्राणवायूशी संयोग झाला की ऊर्जा मोकळी होते. ती ऊर्जा वापरून काही जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात. वनस्पती हेच काम उन्हाच्या जोरावर करतात, हे जिवाणू रसायनाच्या जोरावर. म्हणून याला रसायनसंश्लेषण म्हणतात. असे जिवाणू असतात हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८०च्या दशकातच दाखवलं होतं. त्यांच्या जिवावर एवढी मोठी वस्ती उभी राहू शकते, हे मात्र नवं होतं.

खरं कोडं होतं त्या उंच कृमीचं, ‘रिफ्टिया’चं. त्याला तोंड नाही, आतडं नाही, गुदद्वार नाही. वाशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले मेरेडिथ जोन्स त्याचं शरीर बारकाईने तपासत होते. १९८०मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात त्यांनी ओघात सांगितलं की, कृमीच्या पोटात भरलेल्या स्पंजासारख्या ऊतीत शुद्ध गंधकाचे स्फटिक सापडतात. कॉलीन कॅव्हेनॉ ही विद्यार्थिनी श्रोत्यांत बसली होती. ती तिथल्या तिथे उठून म्हणाली की, मग या ऊतीत सल्फाइड जाळणारे जिवाणूच राहत असले पाहिजेत आणि तेच कृमीला पोसत असले पाहिजेत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्या ऊतीत जिवाणू खच्चून भरलेले दिसले. होर्स्ट फेल्बेक यांना त्याच ऊतीत हिरव्या पानांत कार्बन पकडणारं विकर सापडलं. कधीच ऊन न पाहिलेल्या एका प्राण्याच्या पोटात! दोघांचे निबंध १९८१मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले.

रिफ्टियाच्या रक्ताची करामत इथे सांगायलाच हवी. सल्फाइड हे जहाल विष आहे. ते पेशींचं श्वसन सायनाइडसारखंच बंद पाडतं. शिवाय सल्फाइड आणि प्राणवायू एकाच पाण्यात मिसळले, तर ते आपसातच संयोग पावतात आणि जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. रिफ्टियाच्या हिमोग्लोबिनात प्राणवायूसाठी एक जागा आहे आणि सल्फाइडसाठी दुसरी. दोन भांडकुडद्या गिऱ्हाइकांना एकाच टांग्यात पाठीला पाठ लावून बसवावं, तसं हे रक्त दोघांना तुऱ्यापासून पोटातल्या जिवाणूंपर्यंत सुखरूप नेतं. जिवाणू अन्न बनवतात. त्यातलं काही पाझरतं, तर काही जिवाणू कृमीच्या पेशींत सरळ पचवलेच जातात. या सोयीमुळे रिफ्टियाची नळी वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक वाढल्याची नोंद आहे. गारठलेल्या खोल समुद्रात हा वेग अचाट म्हणावा लागेल.

तरी एक शंका उरतेच: या प्राण्यांच्या मांसातला कार्बन खरंच तळाशी पकडलेला कशावरून? याचं उत्तर अणुबॉम्बने दिलं. १९५० आणि १९६०च्या दशकांत हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि समुद्राच्या वरच्या थरातही उतरला. साहजिकच तिथे वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत आणि त्यांच्या अवशेषांत तो सापडतो. खोल पाण्याचा हवेशी शेकडो वर्षं संबंध आलेला नसतो. त्यामुळे तिथे विरघळलेल्या कार्बनात कार्बन-१४ कमी असतो. गॅलापागोसच्या शिंपल्यांचं आणि कृमींचं मांस तपासलं, तेव्हा त्यातला कार्बन खोल पाण्याशी जुळला, वरच्या पाण्याशी नाही. वरून पडलेलं अन्न गोळा होतं ही कल्पना इथे मोडली.

झऱ्याची धार आटली की वस्तीही पांगते. गॅलापागोसवरच्या ‘रोझ गार्डन’ या जागी १९७९मध्ये रिफ्टियाचे ताटवे होते. १९८५पर्यंत झरा मंदावला. कृमी कमी झाले आणि शिंपले वाढले. शिंपल्यांच्या कल्ल्यांतही जिवाणू असतात, पण ते पाणी गाळूनही थोडं खाऊ शकतात, म्हणून कमी सल्फाइडमध्ये तग धरतात. २००२मध्ये शास्त्रज्ञ परत गेले, तेव्हा ती बागच सापडली नाही. तिच्या जागी ताजा लाव्हा पसरला होता.

आता वरच्या सगळ्या वर्णनातला एक शब्द पुन्हा पाहायला हवा: प्राणवायू. ‘सूर्याविना चालणारी सृष्टी’ असं या वस्त्यांबद्दल सर्रास लिहिलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. सल्फाइड पृथ्वीच्या पोटातून येतं, हे कबूल. पण ते ज्या प्राणवायूशी संयोग पावतं तो खडकातून येत नाही. तो आला वनस्पतींकडून, म्हणजे सूर्यप्रकाशातून. ध्रुवाकडचं थंड, जड पाणी हवेतला प्राणवायू घेऊन खाली बुडतं आणि तळाने शतकानुशतकं सरकत इथवर येतं. रिफ्टियाचा संसार त्या जुन्या उसनवारीवर चालतो. उद्या सूर्य विझला तर त्याला ते लगेच कळणार नाही. पाण्यातला प्राणवायूचा साठा संपला की मात्र कळेल.

हिंदी महासागरात याचं आणखी ठसठशीत उदाहरण आहे. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाजवळ ‘कायरेई’ नावाचा झऱ्यांचा पट्टा जपानी शास्त्रज्ञांनी २०००मध्ये शोधला. पुढच्याच वर्षी तिथे एक गोगलगाय सापडली, जिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा लेप आहे. तिच्या अन्ननलिकेला जोडलेली ग्रंथी अवाढव्य वाढली आहे आणि तिच्यात जिवाणू राहतात. पचनसंस्थेचा बाकीचा भाग आक्रसून गेला आहे. तिचं हृदय शरीराच्या सुमारे ४ टक्के जागा व्यापतं. ही गाय काही फार पळत नाही. संशोधकांच्या मते एवढं हृदय तिला लागतं ते पोटातल्या जिवाणूंना प्राणवायू पुरवण्यासाठी.

याच कायरेईत उसनवारी न करणारेही आहेत. तिथलं पाणी जवळपासच्या ऑलिव्हिन या लोहयुक्त खनिजाच्या खडकांतून येतं. या खनिजाशी गरम पाण्याची अभिक्रिया झाली की हायड्रोजन वायू सुटतो. काही आदिजीवाणू हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवतात आणि त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर जगतात. त्यांना प्राणवायू लागत नाही. उलट तो त्यांना मारक ठरतो. कायरेईच्या पाण्यातून वेगळा काढलेला ‘मिथेनोपायरस कँडलेरी’चा एक वाण जपानी प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली १२२ अंश सेल्सिअसला वाढला, असं २००८मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्याशी खरोखर काडीमोड घेतलेलं जीवन पाहायचं असेल, तर ते हे. पण मिथेन बनवण्यातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी असते आणि खेकडे, कोळंबी, गोगलगाई, मासे अशा मोठ्या प्राण्यांना श्वासासाठी प्राणवायू हवाच. डोळ्यांना दिसणारी पंगत बसते ती गरम आणि गार पाणी मिसळतं त्या अरुंद पट्ट्यातच.

याच पर्वतरांगेवर भारतीय शास्त्रज्ञही काम करतात. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र यांनी सुमारे ४५०० मीटर खोलीवरच्या एका सक्रिय विवराची छायाचित्रं मिळवल्याचं डिसेंबर २०२४मध्ये जाहीर झालं. मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगांवरच्या १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात धातुयुक्त सल्फाइडांचं पूर्वेक्षण करण्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१६मध्ये केला आहे. जिवाणूंना पोसणाऱ्या याच पाण्यातून तांबं-जस्ताचे साठे बनतात, हा त्यातला पेच आहे. खवल्यांची गोगलगाय खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत गेली. एखाद्या विवराभोवतीची वस्ती सल्फाइडवर जगते की हायड्रोजनवर, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी विवराच्या तोंडातलं पाणी हवाबंद बाटलीत, विरघळलेले वायू निसटू न देता, वर आणावं लागतं आणि भोवतालच्या प्राण्यांच्या मांसातला कार्बन तपासावा लागतो.