पाव टाकी म्हणजे किती लिटर?

पेट्रोल पंपावर सकाळची पहिली विक्री सुरू होण्याआधी एक काम ठरलेले असते, ते म्हणजे डिप घेणे. जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून पितळी टोकाची, खुणा केलेली पट्टी तळाला टेकेपर्यंत सरळ सोडायची, वर काढायची आणि ती कुठवर ओली झाली ते वाचायचे. पट्टी सेंटीमीटर सांगते. मालकाला मात्र लिटर हवे असतात. मधला पूल म्हणजे ऑफिसच्या भिंतीवर लावलेला डिप चार्ट. इतक्या सेंटीमीटरला इतके लिटर, असा हा तक्ता असतो.

टाकी चौकोनी असती तर तक्त्याची गरजच पडली नसती. पण ही टाकी आडवी झोपवलेली, नळकांड्यासारखी असते. समजा, तिचा व्यास २ मीटर आणि लांबी ६.४ मीटर आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २०,१०६ लिटर मावतात. म्हणजे पंपवाल्यांच्या भाषेत ती वीस हजारांची टाकी. आज डिप ५० सेंटीमीटर आला. उंचीचा बरोबर पाव भाग. मग डिझेलही पाव, म्हणजे ५,०२७ लिटर? तक्ता सांगतो ३,९३१. अकराशे लिटरच्या आसपासचा हा फरक चोरीचा नाही, वर्तुळाचा आहे.

टाकी टोकाकडून पाहिली तर दिसते वर्तुळ. डिझेलचा पृष्ठभाग ही त्या वर्तुळातली आडवी जीवा, आणि जीवेखालचा डिझेलने भरलेला भाग म्हणजे वर्तुळखंड. या खंडाचे क्षेत्रफळ काढून त्याला टाकीच्या लांबीने गुणले की घनफळ मिळाले. सगळा प्रश्न त्या खंडाच्या क्षेत्रफळाचा आहे.

जीवेची दोन्ही टोके वर्तुळाच्या केंद्राला जोडा. केंद्रापाशी जो कोन होतो तो केंद्रीय कोन, त्याला θ म्हणू. आपल्या टाकीत त्रिज्या १ मीटर आणि डिझेल ०.५ मीटर, म्हणून केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतरही ०.५ मीटर. केंद्रातून पृष्ठभागावर टाकलेला लंब कोनाचे बरोबर दोन भाग करतो. तयार होणाऱ्या काटकोन त्रिकोणात कर्ण १ आणि लगतची बाजू ०.५. ज्याच्या कोसाइनची किंमत ०.५ तो कोन ६० अंशांचा, म्हणून पूर्ण θ झाला १२० अंश. त्याच त्रिकोणाची तिसरी बाजू म्हणजे अर्धी जीवा. त्यावरून सूत्र मिळते:

जीवेची लांबी = 2r sin(θ/2)

इथे 2 × 1 × sin 60°, म्हणजे १.७३२ मीटर. डिझेलचा पृष्ठभाग इतका रुंद आहे.

इथपर्यंत कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये, याने काही बिघडत नाही. खरे तर जीवेसाठी कोनाचीही गरज नव्हती. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त व्यास आणि ‘शर’ यांवरून जीवा काढण्याची रीत आहे. शर म्हणजे जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचे अंतर. आपला डिप म्हणजे तोच शर. शराला उरलेल्या व्यासाने गुणायचे, वर्गमूळ काढायचे, दुप्पट करायची: ०.५ गुणिले १.५, म्हणजे ०.७५, त्याचे वर्गमूळ ०.८६६, दुप्पट १.७३२. झाले काम. याच ग्रंथात कंसाच्या लांबीवरून जीवा काढण्याचे एक अदमासे सूत्रही आहे, ज्यात साइनचे कोष्टक लागतच नाही. १२० अंशांना ते २ मीटर व्यासाच्या वर्तुळात १.७३० मीटर उत्तर देते. पावणेदोन मीटरच्या जीवेत दोन-अडीच मिलिमीटरची चूक! चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची विद्वत्ता कोरून ठेवली आहे, त्या गणितज्ञाचे हे काम आहे.

पण क्षेत्रफळाचा प्रश्न आला की केवळ जीवेवर भागत नाही. खंडाची वरची कड सरळ असली तरी खालची कड वाकडी आहे, आणि त्या वाकड्या कडेची लांबी कोनाशिवाय हाती लागत नाही. रेडियनची गाठ इथे पडते.

रेडियन म्हणजे काय? कंसाच्या लांबीला त्रिज्येने भागले की जो आकडा येतो तो. त्रिज्येएवढी दोरी परिघावर चिकटवून ठेवली तर केंद्रापाशी होणारा कोन एक रेडियन. पूर्ण फेरी 2π रेडियनची, म्हणून आपले १२० अंश म्हणजे २.०९४४ रेडियन. त्रिज्या १ मीटर असल्याने या आकड्याचा दुसरा अर्थही लगेच दिसतो: टाकीच्या तळाचा डिझेलने भिजलेला कंस २.०९४४ मीटर लांब आहे.

आता केंद्रापासून निघणारी पूर्ण वर्तुळपाकळी घ्या, दोन त्रिज्या आणि कंस यांच्यामधली. पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ πr², आणि पाकळी त्याचा θ भागिले 2π इतका हिस्सा. π कटतो, उरते r²θ/2. या पाकळीत डिझेलच्या वरचा एक रिकामा त्रिकोणही येतो, दोन त्रिज्या आणि जीवा यांनी बनलेला. त्याचे क्षेत्रफळ (r²/2) sin θ. पाकळीतून त्रिकोण वजा केला की उरतो खंड:

खंडाचे क्षेत्रफळ = (r²/2)(θ − sin θ)

आपल्या टाकीत θ २.०९४४ आणि sin θ ०.८६६०. वजाबाकी १.२२८४, तिचे अर्धे ०.६१४२ चौरस मीटर. लांबी ६.४ ने गुणले की ३.९३१ घनमीटर, म्हणजे ३,९३१ लिटर. तक्त्यातला आकडा असा उतरतो.

दहावीच्या ‘महत्त्वमापना’त हेच सूत्र अंशांसाठी πθ/360 घेऊन येते. मुले ते पाठ करतात आणि कंसांच्या जंजाळात हरवतात. मला रेडियनचे रूप जास्त प्रामाणिक वाटते, कारण त्यात वजाबाकीचा अर्थ उघडा दिसतो: कंसाचा हिस्सा वजा त्रिकोणाचा हिस्सा.

डिप अर्ध्याच्या वर गेला तर? डिप १५० सेंटीमीटर असताना केंद्र डिझेलात बुडालेले असते, θ होतो २४० अंश, म्हणजे ४.१८८८ रेडियन. अशा कोनाचा साइन ऋण असतो, −०.८६६०. ऋण संख्या वजा केली की मिळवली जाते, म्हणजे त्रिकोण आपोआप बेरजेत जातो. जायलाच हवा, कारण आता तोही डिझेलने भरलेला आहे. उत्तर १६,१७५ लिटर. त्यात ३,९३१ मिळवा, पूर्ण टाकी होते. सूत्राला वेगळी अट घालावी लागली नाही.

चूक होते ती बहुतेक कॅल्क्युलेटरच्या एका बटणापाशी. कोन अंशांतच ठेवून १२० मधून ०.८६६ वजा केले तर क्षेत्रफळ जवळजवळ ६० चौरस मीटर येते. पूर्ण वर्तुळच ३.१४ चौरस मीटरचे, त्यामुळे ही चूक लपत नाही. लपते ती दुसरी. कोन रेडियनमध्ये बदलला, पण कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवरच राहिला. मग तो २.०९४४ अंशांचा साइन देतो, ०.०३६५. पुढचे उत्तर ६,५८५ लिटर. दिसायला अगदी भला आकडा, टाकीतही मावतो. तो पकडायचा तर एवढे लक्षात ठेवायचे की अर्ध्याखालच्या डिपला डिझेल नेहमी उंचीच्या प्रमाणापेक्षा कमीच असते, कारण टाकी खाली निमुळती आहे. पाव उंचीला ५,०२७च्या वरचा कोणताही आकडा म्हणूनच चुकीचा. संगणकावरच्या एक्सेलमध्ये उलटी गंमत आहे, तिथे ACOS आणि SIN मुळातच रेडियनमध्ये चालतात. मीटरमधला डिप A2 मध्ये आणि कोन B2 मध्ये ठेवला तर आपल्या टाकीसाठी दोन ओळी पुरतात:

```
=2*ACOS(1-A2)
=3200*(B2-SIN(B2))
```

पहिली B2 मध्ये, दुसरी C2 मध्ये. ३२०० म्हणजे ६.४ मीटर लांबीचे अर्धे, हजार लिटरने गुणलेले. त्रिज्या बरोबर १ मीटर असल्यामुळे r लिहावा लागला नाही. दुसऱ्या टाकीला तो घालावा लागेल.

तळाजवळ आणखी एक सापळा आहे. कोन लहान असला की θ आणि sin θ जवळजवळ सारखे होतात. ५ सेंटीमीटर डिपला θ ०.६३५१ आणि साइन ०.५९३३, उत्तर १३४ लिटर. पण दोन्ही आकडे दोनच दशांश स्थळांपर्यंत घेतले, ०.६४ वजा ०.५९, तर उत्तर येते १६०. म्हणून चार स्थळे तरी ठेवावीत.

आणि ती जीवा, जी क्षेत्रफळाच्या सूत्रात कुठे दिसत नाही, तिचा उपयोग काय? पट्टी वाचताना एक मिलिमीटर चुकला तर किती लिटरचा घोळ, हे जीवा सांगते. डिझेलचा पृष्ठभाग म्हणजे जीवा गुणिले टाकीची लांबी, आणि त्यावर चढलेला एक मिलिमीटरचा थर म्हणजे तितके लिटर. ५० सेंटीमीटर डिपला १.७३२ गुणिले ६.४, म्हणजे मिलिमीटरला ११ लिटर. टाकी अर्धी असताना जीवा सर्वांत लांब, तेव्हा मिलिमीटरला १२.८ लिटर. १० सेंटीमीटरला जेमतेम साडेपाच. म्हणूनच टाकी अर्धी असताना पट्टी वाचण्यात झालेली हयगय सर्वांत महागात पडते.

हाच हिशेब टाकी कललेली असली तर कामाला येतो. ६.४ मीटर लांबीत शंभरास एक असा उतार असेल, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा ६.४ सेंटीमीटर खाली असते. पट्टी टाकीच्या मधोमध सोडली तर फारसे बिघडत नाही. पण पट्टीचे तोंड खालच्या टोकाला असेल तर ती ३.२ सेंटीमीटर जास्त ओली होते. पाव उंचीला हा फरक साडेतीनशे लिटरचा, आणि तो रोज एकाच दिशेने येत राहतो. शिवाय खऱ्या टाकीची दोन्ही टोके सपाट नसून बाहेर फुगलेली असू शकतात, त्या फुगवट्यातले लिटर आपल्या सूत्रात नाहीत. प्रत्यक्ष वापरात म्हणूनच त्या त्या टाकीचा मोजून तयार केलेला तक्ता लागतो. सूत्राने काढलेले आकडे आणि तक्ता शेजारी ठेवून पाहावेत. फरक सगळ्या डिपला एकाच टक्क्याचा असेल तर लांबी चुकीची धरली आहे. तो वर-खाली होत असेल तर संशय व्यासावर किंवा उतारावर घ्यावा.