सोडतीनं बदलणारा भाव

२०१८च्या फुटबॉल विश्वचषकात बेल्जियमनं इंग्लंडला हरवलं आणि गटात पहिलं स्थान मिळवलं. बक्षीस काय, तर फ्रान्स-ब्राझीलच्या बाजूचा अर्धा भाग! हरलेल्या इंग्लंडला तुलनेनं सोपी वाट मिळाली.

हा फरक मोजता येतो. समजा, चार संघ उरलेत. आपला संघ ‘ब’ला ५० टक्के वेळा हरवतो, ‘क’ला ६०, ‘ड’ला ७०. ‘ब’ हा ‘क’ला आणि ‘क’ हा ‘ड’ला ६० टक्के वेळा हरवतो. उपांत्य फेरीत ‘ड’ आला, तर आपण चषक जिंकण्याची शक्यता ३७.८ टक्के, ‘ब’ आला तर ३२. एक भागिले शक्यता म्हणजे रास्त भाव: २.६५ आणि ३.१३. संघ तोच, सोडत वेगळी.

बत्तीस संघ असले की संगणकाकडून अख्खी स्पर्धा दहा हजार वेळा खेळवून घेतात आणि विजेते मोजतात. गोची दुबळ्या संघांची. पन्नासदाच जिंकणाऱ्याचा आकडा पुढच्या खेपेला सहज ४३ किंवा ५७ येतो, म्हणजे भाव दोनशेच्या जागी २३३ किंवा १७५. एफए कपात तर दर फेरीला नवी सोडत. तिथं तीही प्रत्येक वेळी नव्यानं काढावी लागते.