नव्या वर्गशिक्षिकांचे स्वागत: एका मिनिटाचे भाषण

वर्षाच्या मध्येच वर्गशिक्षिका बदलल्या आणि स्वागताचे भाषण तुमच्या मुलीवर आले, तर एक गोष्ट सांभाळा. ‘तुम्हीही आधीच्या बाईंसारख्याच असाल’ हे वाक्य टाळा. पहिल्याच दिवशी तुलना झाली की नव्या बाई अवघडतात. त्यापेक्षा वर्गाची खरी ओळख करून द्यावी. सातवीसाठी असे बोलता येईल:

“नमस्कार बाई. सातवी ‘ब’च्या आम्हा ४२ जणांतर्फे तुमचे मनापासून स्वागत. आधीच्या बाईंची बदली झाली म्हणून आम्ही थोडे हिरमुसलो होतो. पण तुम्ही येणार हे कळताच काल सगळ्यांनी मिळून वर्ग झाडून घेतला. आमचा वर्ग बडबडा आहे, हे तुम्हाला लवकरच कळेल! शेवटच्या बाकांवरून फळ्यावरचे बारीक अक्षर दिसत नाही, तेवढे जरा मोठे काढा. आमचे चुकले तर रागवा, पण पुन्हा एकदा समजावून सांगा. हे गुलाबाचे फूल आम्हा सगळ्यांकडून.”

एवढे बोलायला मिनिटभर पुरते. आदल्या रात्री मुलीला उभे राहून दोनदा म्हणायला लावा. ती जिथे अडखळेल, ते वाक्य तिच्याच शब्दांत छोटे करून द्या.